हिलाल नानांचा दोन्ही घरचा चहा

आमचे हिलाल नाना सोयरिकी जुळवतात. हा त्यांचा धंदा नाही, कारण त्यात ते कुणाकडून काही घेत नाहीत. तो छंदही नाही, कारण छंद माणूस सुट्टीच्या दिवशी करतो आणि नानांना सुट्टी ठाऊक नाही. शिंदखेड्यापासून रावेरपर्यंत कुणाच्या घरात लग्नाचा मुलगा आहे, कुणाची मुलगी शेवटच्या वर्षाला आहे, कुणाचा मामा रुसतो, हे सगळं त्यांना पाठ असतं. मी त्यांची पुतणी हेमलता. धुळ्यात कॉलेजात गणित शिकवते, नाना आणि सुनिताकाकूंच्या घरीच राहते, आणि पस्तिशीला आले तरी माझं जमलेलं नाही. यावरून लोक नानांना चिडवतात आणि नाना मला. 

दोन वर्षांपूर्वीपर्यंत नाना एवढे जाड होते की बैठकीत त्यांच्यासाठी लाकडी बाकच ठेवायचे, प्लास्टिकच्या खुर्चीवर कुणी त्यांना बसू देत नसे. गुडघे गेले, साखरेच्या गोळ्या वाढत वाढत इंजेक्शनवर आल्या, तेव्हा जळगावच्या एका दवाखान्यात त्यांचं वजनाचं ऑपरेशन झालं. पोटाची पिशवी लिंबाएवढी करून तिला पुढचं आतडं जोडलं. वर्षभरात नाना निम्मे झाले. गोळ्या सुटल्या, इंजेक्शन सुटलं. त्यांचे सदरे काकूंनी कापून उशांचे अभ्रे शिवले आणि तरी कापड उरलं.

सगळं छान चाललं होतं, आणि मग रावेरची बैठक झाली.

रावेरचे प्रेमराजभाऊ केळीचे मोठे बागायतदार. त्यांच्या मुलासाठी नानांनी शिंदखेड्याच्या ईश्वरभाऊंची मुलगी सुचवली होती. पसंती झाली होती, मुलगा-मुलगी फोनवर तासन्‌तास बोलत होते, आता फक्त थोरामोठ्यांनी बसून बोलायचं बाकी होतं. ईश्वरभाऊंकडची माणसं गाडी भरून रावेरला गेली. मानपानाचं बोलणं रंगात आलं असताना नानांना घाम फुटला, हात थरथरायला लागले, आणि ते उठून उभे राहिले. त्यांनी एका हाताने प्रेमराजभाऊंना धरलं, दुसऱ्या हाताने ईश्वरभाऊंना धरलं, दोघांकडे प्रेमाने पाहिलं आणि सगळ्यांना सांगितलं, "या दोघांचं जमतंय. तारीख धरा."

लोक हसले. नाना हसले नाहीत. ते ईश्वरभाऊंच्या थोरल्या जावयाच्या मांडीवर बसले आणि तिथेच कलंडले.

कुणीतरी तोंडात साखर घातली, दहा मिनिटांत नाना ताळ्यावर आले आणि काय झालं म्हणून विचारायला लागले. पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. आठवड्यात बातमी गिरणा नदी ओलांडून भडगावपर्यंत पोचली: हिलाल नाना प्यायला लागले. आयुष्यात ज्या माणसाने दारूच्या बाटलीत रॉकेलसुद्धा ठेवू दिलं नाही, तो म्हणे बारीक झाला तो दारूनेच. ईश्वरभाऊंच्या आई, भिकुबाई, यांनी तर निरोपच धाडला: "पेनारा माणूस मना घरमा बठाव नई."

नाना दोन दिवस जेवले नाहीत. तसे ते एरवीही फारसं जेवत नाहीत, लिंबाएवढ्या पिशवीत मावणार किती, पण हे न जेवणं वेगळं होतं. ते ओट्यावर बसून मला म्हणाले, "हेमू, माणूसना शब्द पडना म्हनजे मी मरनू. सोयरीक जुळाडनारानं तोंडच त्यानी पूंजी ऱ्हास." मला त्यांचा इतका राग आला होता, दवाखान्यात जात नव्हते म्हणून, आणि त्याच वेळी त्यांच्या बारीक झालेल्या मानेकडे बघून मला रडू येत होतं.

दवाखान्यात न जाण्याचं कारण त्यांच्याकडे तयार होतं. रोज सकाळी उपाशीपोटी ते यंत्रावर साखर बघत, ती नव्वद-पंच्याण्णव येई, आणि ते आकडा साऱ्या गल्लीला ऐकवत. साखर ठीक आहे, तर मग ही नजर लागली असणार. काकूंनी नजर काढली. गल्लीतल्या ताईबाईंनी, साखर कमी होते तर खिशात पेढे ठेवा, असा सल्ला दिला. नानांनी ठेवले. थरथर सुटली की दोन पेढे. बरं वाटायचं. तासा-दीड तासाने पुन्हा थरथर, पुन्हा दोन पेढे. आधीच ठरलेल्या एका बैठकीत असं तीन वेळा झालं आणि नानांच्या सदऱ्याच्या खिशाला मुंग्या लागल्या.

शेवटी मी त्यांना अक्षरशः ओढत जळगावला नेलं. सर्जनसाहेबांनी तपासलं, रक्ताच्या चाचण्या लिहून दिल्या. उपाशीपोटी साखर उतरत नाही, खाल्ल्यावरच उतरते, तेव्हा दुसरं काही वाईट असण्याची शक्यता कमी, असं म्हणाले, आणि आहारतज्ज्ञ मोहिनी मॅडमकडे पाठवलं. मॅडमनी एक वही दिली. दोन आठवडे तोंडात जे जे जाईल ते वेळेसह लिहायचं. खाल्ल्यावर एका तासाने, दोन तासांनी आणि थरथर सुटेल तेव्हा साखर बघायची. शेजारी कसं वाटतंय ते. "आणि नाना, गाडी चालवायची नाही. मोटरसायकलसुद्धा नाही, मी सांगेपर्यंत."

नाना वही लिहायला बसले की घरात टाचणी पडली तरी ऐकू यावी. लग्नपत्रिका लिहितात तशा वळणदार अक्षरात त्यांनी ती वही भरली. दोन आठवड्यांनी आम्ही पुन्हा मॅडमसमोर.

मोहिनी मॅडमनी पानं उलटली, भुवया वर गेल्या. "अर्धी भाकरी, मुगाची उसळ. एक अंडं. कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत चार चमचे. नाना, तुमच्यासारखं शहाणं खाणारा माझ्याकडे कुणी नाही."

नानांनी माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

"मग हे चोपन्न कसं काय? दुपारी, घाम, हात थरथर? त्याआधी सकाळपासून काही खाल्लेलंच दिसत नाही. आणि औषध घेतलं असं लिहिलंय. कुठलं औषध?"

"पेढे," मी म्हणाले.

मॅडमनी पेन्सिल खाली ठेवली, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा उचलली. मग त्यांनी सत्तरच्या खालच्या प्रत्येक आकड्याभोवती गोल काढला आणि पानं टेबलावर शेजारी शेजारी पसरली, म्हणजे वहीचे टाके उसवून. नानांचा जीव तुटला. काही दिवसांची पानं स्वच्छ होती, एकही गोल नाही. काही दिवसांवर दोन-दोन, तीन-तीन. "हे गोलांचे दिवस कुठले?" त्यांनी विचारलं.

मी पाहिलं. "बैठकीचे."

"आणि हे एकशे अठरा? इथेही चक्कर लिहिलीय."

"ते मुलीच्या मामाने सोन्याचा विषय काढला तेव्हाचं," नाना म्हणाले.

"मग ही साखरेची चक्कर नाही, मामाची आहे. ही सोडून द्या." त्यांनी त्या ओळीवर बारीक रेघ मारली. "त्रास होतो, त्याच वेळी आकडा कमी असतो, आणि साखर घेतल्यावर बरं वाटतं, हे तिन्ही एकत्र आलं तरच मी ती साखर उतरली असं धरते. आता हे काय खोडलंय?"

नानांनी एक आकडा खाडाखोड करून काळा केला होता. मॅडमनी कागद उजेडाकडे धरला. दोनशे सहा.

"यंत्र बिघडलं होतं," नाना म्हणाले. "त्या दिवशी बैठक होती. मी काहीच खाल्लं नव्हतं, तर साखर दोनशे होईल कशी? म्हणून खोडलं. खोटं कशाला ठेवायचं वहीत."

"काहीच नाही खाल्लं?"

"मॅडम, बैठकीच्या दिवशी मी कधीच खात नाही. पोट हलकं ठेवतो. फक्त चहा."

"किती?"

नाना अवघडले. मी त्यांना ओळखते, ते खोटं बोलत नाहीत, ते फक्त मोजत नाहीत. "मुलीकडे दोन. मुलाकडे दोन. मधे ज्याच्या घरी गाडी थांबवली तिथे एक. आणि शब्द झाला की तोंड गोड करायला शिऱ्याचा एक घास दोन्हीकडचा."

"हे वहीत का नाही?"

नानांना प्रश्नच कळला नाही. "चहा काय खाणं आहे का, मॅडम?"

खानदेशात चहा साखरेत करतात, साखर चहात नव्हे, हे जळगावच्या माणसाला सांगावं लागत नाही. मॅडमनी डोळे मिटले. मग त्यांनी पाठकोऱ्या कागदावर लिंबाएवढी पिशवी काढली आणि समजावून सांगितलं. पूर्वी पोट गोड पदार्थ धरून ठेवायचं, थोडा थोडा सोडायचं. आता धरायला पोटच नाही. गोड चहा सरळ आतड्यात धावतो, साखर तासाभरात दोनशेवर जाते. तेच हे खोडलेलं दोनशे सहा, वहीतला सगळ्यात खरा आकडा. आतडं घाबरून ओरडतं, शरीर इन्सुलिनचा लोंढा सोडतं, आणि तो लोंढा गरजेपेक्षा मोठा असतो. चहा संपलेला असतो, इन्सुलिन संपलेलं नसतं. म्हणून एक ते तीन तासांत साखर पन्नाशीत. तेव्हा पेढे खाल्ले की पुन्हा वर, पुन्हा लोंढा, पुन्हा खाली. "तुम्ही औषध म्हणून तोच आजार खिशात ठेवलात, नाना."

"पण ऑपरेशनला दोन वर्षं झाली. आत्ताच कसं?"

"हे असंच उशिरा सुरू होतं पुष्कळांना."

मग नियम आले. तीन-साडेतीन तासांनी थोडं थोडं खायचं, उपाशी राहायचं नाही, बैठक असो नाहीतर नसो. आधी डाळ, अंडं, पनीर, शेंगदाणे, मग भाकरी. जेवताना पाणी नाही, अर्ध्या तासाने. गोड पातळ काही नाही: चहात साखर नाही, रस नाही, सरबत नाही. थरथर सुटली तर आधी आकडा बघायचा. सत्तरच्या खाली असेल तर तीन चमचे ग्लुकोज पाण्यात, जास्त नाही. पंधरा मिनिटांनी पुन्हा बघायचं आणि वर आली की मूठभर दाणे, म्हणजे ती टिकेल. नाना बडबडायला लागले तर हे दुसऱ्या कुणीतरी करायचं, कारण त्या वेळी मेंदूलाच साखर मिळत नसते. एवढ्याने भागलं नाही तर सर्जनसाहेब गोळी देतील.

मला वाटलं संपलं. नाना मात्र उठेनात. "मॅडम, हे जमणार नाही."

"काय?"

"चहा नाही म्हणणं. मी मधला माणूस. मुलीकडे दोन कप प्यालो आणि मुलाकडे एक, तर म्हणतात नाना मुलीकडून बोलतो. कुणाचाच नाही प्यालो, तर म्हणतात नानाला ही सोयरीक होऊ द्यायची नाही. तीस वर्षं मी दोन्ही घरचा चहा सारखा प्यालोय. कपाच्या कडेपर्यंत सारखा."

मॅडम हसल्या नाहीत. "फिका प्या."

"फिका चहा देणाऱ्या घरात कुणी मुलगी देत नाही," नाना म्हणाले. ते अगदी खरं बोलत होते आणि मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटत होतं.

पुढचे पंधरा दिवस घरात कडक शिस्त होती. वहीत गोल दिसेनासे झाले. आणि मग शिंदखेड्याहून ईश्वरभाऊंचा फोन आला. मुलगी हट्टाला पेटली होती, नाना नसतील तर मी बोहल्यावर उभी राहणार नाही म्हणाली होती. भिकुबाईंनी एकदाच, एका अटीवर होकार दिला होता: त्या स्वतः समोर बसणार. नाना पुन्हा डुलले तर सोयरीकही मोडली आणि नानांचं नावही. प्रेमराजभाऊही रावेरहून येताना धुळ्यात नानांना गाडीत घेणार होते.

मी सोबत निघाले. पिशवीत यंत्र, ग्लुकोज, दाणे. धुळ्यातून निघता निघता यंत्राच्या पट्ट्या संपल्याचं लक्षात आलं म्हणून मी औषधाच्या दुकानात उतरले. दुकानदार फोनवर होता, परत यायला थोडा वेळ लागला. गाडीत सगळे फार गप्प बसले होते. मी संशय घ्यायला हवा होता, पण मी पट्ट्यांची पाकिटं मोजत होते.

शिंदखेड्यात ईश्वरभाऊंच्या ओसरीवर गालिचे घातले होते. भिकुबाई नानांच्या बरोबर समोर, मांडी घालून, डोळे रोखून. चहा आला. नानांनी हात जोडले आणि मॅडमनी त्या दिवशी निघताना घोकवून घेतल्याप्रमाणे म्हणाले, "माझं ऑपरेशन झालंय, गोड चालत नाही, राग मानू नका." सगळीकडे कुजबुज. प्रेमराजभाऊंच्या भावाने कप खाली ठेवला. नानांनी कपाळ पुसलं. मला अभिमान वाटला, तो अर्धा तास टिकला.

मानपानाचं बोलणं चालू होतं. नानांच्या ओठावर घामाचे थेंब दिसले. मग ते भिकुबाईंकडे पाहून गोड हसले आणि म्हणाले, "अक्का, तुमनासाठे बी एक स्थळ शे. पारोळानं. माणूस सुखी शे, दात नई."

ओसरी गारठली. ईश्वरभाऊ उठले. कुणीतरी मागून म्हणालं, "पाहा, पेईसनच उना."

मी गालिच्यावरून, लोकांच्या पायांवरून, धडपडत नानांपर्यंत पोचले आणि बोट टोचलं. नाना मला म्हणत होते, "हेमू, तुनं स्थळ बी पाहेल शे." यंत्राने बावन्न दाखवलं. मी ते वर करून सगळ्यांना दाखवलं, वर्गात चिडते तशी चिडून. "ही दारू नाही. साखर उतरलीय. कुणीही पंधरा मिनिटं जागचं हलायचं नाही." तीन चमचे ग्लुकोज पाण्यात घालून नानांना दम देत पाजलं.

पंधरा मिनिटं म्हणजे किती हे त्या दिवशी शिंदखेड्याला कळलं. पंचवीस माणसं एका यंत्राकडे बघत बसली. एकाला शिंक आली ती त्याने दाबली. मी हिशोब करत होते: सकाळी अंडं, मग दाणे, चहा नाही, मग बावन्न आलं कुठून? दीड-दोन तासांपूर्वी काहीतरी गोड गेलंच पाहिजे. "नाना, धुळ्यात काय प्यालात?"

नाना नुकते ताळ्यावर येत होते. त्यांनी प्रेमराजभाऊंकडे पाहिलं. प्रेमराजभाऊ लाल झाले. "लस्सी," ते म्हणाले. "अर्धाच ग्लास. आणि जिलबीचा एक तुकडा. म्या म्हणलं, चहा नाही चालत तं लस्सी तं थंडच असते. नाही म्हणत होते ते. म्या म्हणलं, नाना, मुलाच्या बापाचं मन मोडता काय. मंग प्याले."

दुसरा आकडा आला: ब्याऐंशी. मी नानांच्या हातात दाणे दिले. "हे खा. आणि आता सगळ्यांनी ऐका," म्हणून मी लिंबाएवढी पिशवी, लोंढा, सगळं सांगितलं. प्रेमराजभाऊ मान हलवत होते, लस्सीचे पैसे त्यांनीच दिले होते, त्यांना पटण्यावाचून इलाज नव्हता. बाकीच्यांची तोंडं मात्र तशीच राहिली.

भिकुबाई म्हणाल्या, "यंत्रले काय कळस."

त्या उठल्या. गुडघ्यांवर हात टेकत, कुणाचा आधार न घेता, नानांपर्यंत आल्या. नानांच्या हनुवटीला धरलं, तोंड वर केलं, आपलं नाक त्यांच्या ओठांपाशी नेलं आणि हुंगलं. एकदा, मग पुन्हा एकदा, डोळे मिटून. नाना दाणे चावायचे थांबले.

"मना धाकला आंडोर, मना पोऱ्या, पेईसन मरना," त्या सगळ्यांना म्हणाल्या. "धा वरीस मी रोज रातले त्यानं तोंड हुंगं. तो वास मी मरापर्यंत भूलाव नई." नानांच्या गालावरून त्यांनी हात फिरवला. "ह्या माणूसना तोंडले तो वास नई शे. दाणासना वास येस. मीच बठ्ठासले, सारा गावले, सांगं पेस म्हनीसन. चुकी मनी शे, भाऊ."

नाना रडायला लागले, दाण्यांसकट. ईश्वरभाऊ खाली बसले.

भिकुबाईंनी वळून आत सुनेला हाक मारली. "चहा बठ्ठा फेकी दे. आज मना घर कोनले चहा नई भेटाव, पोरीवालासले नई नि पोऱ्यावालासले बी नई. दाणा भूंज."